अडतिसावी बाब

आमच्या कचेरीत निविदा आली की आधी ती कागदावर छापायची, असा माझा हट्ट. पुतणीला तो पटत नाही. ती म्हणते, "काका, सगळं संगणकात आहे, झाडं कशाला मारता?" पण तीच छापून देते. मग आम्ही दोघं समोरासमोर बसतो. मी कागदावरून वाचतो, ती तिच्या दरपत्रकात बघत जाते. बाब क्रमांक, परिमाण, एकक. दर आम्ही नंतर भरतो.

मी आकडे तोडून वाचतो. दोनशे बारा असं म्हणत नाही, दोन, एक, दोन म्हणतो. अक्षरं उशिरा हाती लागली, आणि अजूनही मी एकेक करून वाचतो. मालक चेष्टा करतात, "मिस्त्री, तुम्ही वाचता की विटा लावता?" पण ज्याला भरभर वाचता येतं त्याचा डोळा पुढचं स्वतःच जुळवून घेतो. आकडा जसा असायला हवा तसा दिसतो. माझा डोळा तेवढा हुशार नाही.

ती निविदा एका जुन्या सरकारी दप्तरखान्याच्या दुरुस्तीची होती. छोटं काम, चाळीस लाखांच्या आतबाहेर. पण मालकांना ते हवंच होतं, आणि पुतणीला मालकांपेक्षा जास्त. आदल्या निविदेत तिच्याकडून एक चूक झाली होती. रंगकामाचा दर सरकारी दरसूचीत दहा चौरस मीटरला दिलेला होता, तिनं तो एका चौरस मीटरला धरला. रंगाची रक्कम दहापट फुगली आणि काम दुसऱ्याला गेलं. मालक त्या दिवशी एवढंच म्हणाले, "आणखी एक निविदा अशी गेली, तर तुझी खुर्ची रिकामी करायची." ते उगाच बोलणारे नाहीत. घरी तिची आई, म्हणजे माझी वहिनी, अंथरुणाला खिळलेली. मी असा म्हातारा. दोघांची औषधं तिच्याच पगारातून येतात.

त्यामुळे ती या वेळी डोळ्यांत तेल घालून बसली होती. निविदा भरायची मुदत तिसऱ्या दिवशी दुपारी तीनपर्यंत.

छत्तीसपर्यंत सगळं जुळलं. छत्तीस म्हणजे जुनी फरशी उखडणे, एकशे एकेचाळीस पूर्णांक चार चौरस मीटर. खोली चौदा मीटर लांब, दहा मीटर दहा सेंटिमीटर रुंद, म्हणजे बरोबर. सदतीस, नवीन फरशीखालचं काँक्रीट, दहा सेंटिमीटर जाड. चौदा पूर्णांक एक चार घनमीटर. तेही बरोबर.

"अडतीस," मी वाचलं. "काँक्रीटखाली वाळूची भरणी, पाणी मारून, धुमसून. दोन, एक, दोन, टिंब, शून्य, सहा. एकक घनमीटर."

तिचे हात थांबले. "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"पंधरा सेंटिमीटर थर आहे," ती म्हणाली. "एकशे एकेचाळीसला पंधरा सेंटिमीटर म्हणजे एकवीस घनमीटर. हे दोनशे बारा कुठून आलं?"

मालक त्यांच्या खोलीच्या दारातून ऐकत होते. ते बाहेर आले, तिच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं आणि खुश झाले.

"टिंब चुकलंय. एकवीसचं दोनशे बारा झालंय. आता सांग, आपण काय करायचं?"

तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. हा धंद्यातला जुना डाव आहे. परिमाण चुकून जास्त लिहिलं गेलं असेल तर त्या बाबीला दर नावापुरता लावायचा. प्रत्यक्षात काम थोडंच करावं लागतं, म्हणून तोटा किरकोळ, पण निविदेची बेरीज मात्र खूप खाली येते. भरणीचा खरा दर घनमीटरला अठराशेच्या आसपास होता. दोनशे बारा घनमीटरचे पावणेचार लाखांच्या वर होतात. तिथं एक रुपया लिहिला की पावणेचार लाखांनी आपण खाली, आणि काम आपलं.

"दर एक," मालक म्हणाले. "बाकीचं नीट भरा."

"पण साहेब, टिंब चुकलं असतं तर दोनशे बारा पूर्णांक एक आलं असतं," पुतणी म्हणाली. "एकवीस पूर्णांक एकवीसचं दहापट तेच होतं. इथं दोनशे बारा पूर्णांक शून्य सहा आहे."

"चार शतांशासाठी रडतेस?"

"रडत नाही. विचारते."

"विचारू नकोस. दहाऐवजी एकाला धरलेला दर मागच्या वेळी तुला दिसला नाही, आणि आता शतांश दिसतो." ते आत निघून गेले.

थोड्या वेळानं तिनं सरकारी तक्ता सगळाच्या सगळा उचलून आपल्या पत्रकात चिकटवला. त्या तक्त्यात दरांचा रकाना सोडून काही बदलता येत नाही, सगळं कुलूपबंद असतं. पण काही रकाने लपवून ठेवलेले असले तर उचलताना तेही सोबत येतात. हे तिलाही कधीकधीच आठवतं. तिच्या पत्रकात एकदम पाच रकाने जास्त उमटले. संख्या, लांबी, रुंदी, खोली, शेरा. मोजमाप करणाऱ्यानं हिशेब मांडून नंतर झाकून ठेवलेला.

सगळ्या बाबींपुढे ते रकाने कोरे होते. फक्त अडतीसपुढे दोन ओळी होत्या.

पहिली ओळ: एक, चौदा, दहा पूर्णांक दहा, शून्य पूर्णांक पंधरा. एकवीस पूर्णांक एकवीस. हा फरशीखालचा थर.

दुसरी ओळ मी एकेक आकडा करून वाचली. "शून्य, टिंब, सात, आठ, पाच, चार. चार, टिंब, पाच, शून्य. चार, टिंब, पाच, शून्य. बारा, टिंब, शून्य, शून्य."

"पॉइंट सात आठ पाच चार म्हणजे वर्तुळ," ती हळूच म्हणाली.

ते मला सांगायची गरज नव्हती. विहिरीची खोदाई मोजताना आम्ही हाच आकडा तोंडपाठ केलेला. व्यासाला व्यासानं गुणायचं, त्याला या आकड्यानं. साडेचार मीटर व्यास, बारा मीटर खोल. तिनं गुणाकार केला. एकशे नव्वद पूर्णांक पंच्याऐंशी. त्यात एकवीस पूर्णांक एकवीस मिळवले. दोनशे बारा पूर्णांक शून्य सहा.

टिंब चुकलं नव्हतं. कोणीतरी विहीर मोजली होती.

शेऱ्यात चारच शब्द होते. मी ते वाचले आणि कागद खाली ठेवला. "मध्यभागी. उतरून मोजले. बरोबर."

"काका, दप्तरखान्यात विहीर आहे?"

"नाही," मी म्हणालो. "ती फरशी मी घातलीय."

तिला हे ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षांपूर्वीचं काम. मी तेव्हा दुसऱ्या ठेकेदाराकडे होतो. जमीन मी स्वतः धुमसली होती. इतकी कठीण की धुमस उसळून हाताला झिणझिण्या यायच्या. मधोमध तर जास्तच. तिथं विहीर असती तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जागा बघायला गेलो. निविदा भरणाऱ्याला तेवढा अधिकार असतो. तिथला दप्तरी पन्नाशीचा, बोलका, पण दार उघडून बाहेरच उभा राहिला.

"या, या. बघा. मी इथं आहे."

खोली उजेडाची होती. उंच खिडक्या, भिंतींना लागून लोखंडी कपाटं, त्यांत गठ्ठे. कपाटांत जागा नाही म्हणून गठ्ठे कपाटांवर, खिडक्यांत, कपाटांच्या मधल्या फटींत कोंबलेले. आणि मधोमध एवढी मोठी जागा मोकळी. तिथं एक खुर्चीसुद्धा नव्हती.

"मध्ये का नाही ठेवत?" पुतणीनं विचारलं.

"ठेवायचो. कागद गार पडतात." तो हसला. "म्हणजे ओले नाही हो. गार. हातात घेतले की कसंतरी वाटतं. मग उचलून कडेला आणले. आता सवय झाली."

मी फरशी पाहिली. माझ्या हाताची होती. सांधे जसेच्या तसे, एक केसाएवढी चीरही नाही. मी लोखंडी पहार घेतली होती. भिंतीजवळ ठोकली, आवाज भरीव आला. दोन पावलं पुढं, तसाच. आणखी दोन, आणि आवाज बदलला. पहार मी उचलली होती, तरी आवाज चालूच होता. खाली कुठंतरी जात होता आणि थोड्या वेळानं परत येत होता.

पुतणीनं खडू काढला. मी ठोकत गेलो, जिथं आवाज बदलेल तिथं ती खूण करत गेली. बारा-चौदा खुणा झाल्या तेव्हा दोघांनाही दिसलं. कंपासानं काढावं तसं वर्तुळ. तिनं फीत लावली, आधी लांबीच्या दिशेनं, मग रुंदीच्या.

"चार पन्नास," ती म्हणाली. मग दुसऱ्या बाजूनं. "चार पन्नास."

आम्ही दोघं त्या वर्तुळाच्या आत उभे होतो. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आम्ही सावकाश बाहेर आलो, कोणी झोपलेलं असावं आणि त्याला जाग येऊ नये तसे.

साडेचार मीटरची पोकळी, वर दहा सेंटिमीटर काँक्रीट, त्यात सळई नाही. मी घातलंय, मला माहीत आहे. ते एक दिवस टिकणार नाही. माणसं एकतीस वर्षं त्यावरून चालत होती.

"मोजमाप कोणी घेतलं?" मी बाहेर येऊन दप्तऱ्याला विचारलं.

"जुने ओव्हरसियर होते ना, त्यांनी. एकटेच आलेले. माझ्याकडून तीस मीटरची फीत मागून घेतली. म्हणाले, दार लोटून घ्या, आत धूळ उडेल."

"मग?"

"मग काय? संध्याकाळी दार उघडलं तर मोजमापाची वही टेबलावर, फीत खिळ्याला टांगलेली."

"आणि ते?"

"गेले असणार की." त्यानं कुलपाची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "मी दारातच होतो म्हणा. पण चहाला वगैरे उठलो असेन. त्यांची बदली झाली म्हणतात."

"फीत दाखवता?"

त्यानं आणून दिली. मी उलगडली. टोकापासून चिखल वाळून चिकटलेला होता, काळा, चिकण. एक मीटर, दोन मीटर, सात, नऊ. बाराच्या आकड्यापर्यंत. तेराव्या मीटरपासून फीत कोरी, नव्यासारखी.

पुतणीनं फीत माझ्या हातातून घेऊन स्वतः गुंडाळली आणि परत दिली. परतीच्या वाटेवर ती एकदाच बोलली. "एक दर लावला, काम मिळालं आणि ती खरंच निघाली, तर दोनशे बारा घनमीटर वाळू एकच्या दरानं भरायची. पत्रकावर तयार करणारी म्हणून नाव माझं."

"आणि अठराशे लावला?"

"तर काम जाईल. आणि मीही."

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तिनं पत्रक मालकांपुढं ठेवलं. अडतीसपुढं अठराशे.

मालकांनी ते पाहिलं. ओरडले नाहीत. खुर्ची मागं घेतली. "मॅडम, मी काय सांगितलं होतं?"

तिनं सगळं सांगितलं. लपलेले रकाने, खडूचं वर्तुळ, फीत. मालक ऐकत होते. शेवटी म्हणाले, "फरशी पोकळ वाजते, हे शंभर ठिकाणी असतं. जमीन बसते, खाली बोटभर हवा राहते. त्याला विहीर म्हणायचं? शेजारच्या गल्लीतला तो ठेकेदार एक लावणार, नक्की लावणार. त्याच्याकडं शतांश मोजणारं कोणी नाही." मग ते माझ्याकडं वळले. "मिस्त्री, फरशी तुम्ही घातली होती असं कळलं."

"हो."

"मग वाद कशाला? तुम्ही सांगा. खाली विहीर होती का?"

पुतणी माझ्याकडं बघत होती. तिला उत्तर माहीत होतं, मीच दिलं होतं. खरं बोललो तर मालक एक लावणार, काम मिळणार, तिची खुर्ची राहणार. आणि मग एक दिवस कामगार तिथं पहार मारणार. तेव्हा कागदावर नाव तिचं असणार.

"होती," मी म्हणालो. "जुनी विहीर. वरून फळ्या टाकून माती ओढली आणि आम्ही फरशी घातली. मुकादमानं सांगितलं, गप्प बसा."

मी आयुष्यात फार खोटं बोललो नाही. म्हणून बहुधा त्यांनी विश्वास ठेवला. बराच वेळ ते बोटांनी टेबल वाजवत राहिले. "लेखी द्याल?"

"देईन."

मी लिहून दिलं. माझ्या हातानं, एकेक अक्षर. अमुक ठिकाणी विहीर होती, मी पाहिली होती, खाली सही. लिहायला अर्धा तास लागला. अठराशेचा दर तसाच राहिला. पावणेतीनला निविदा गेली.

दोन दिवसांनी दर उघडले. आमची बेरीज एकेचाळीस लाख छत्तीस हजार. शेजारच्या गल्लीतल्याची एकोणचाळीस लाख ऐंशी हजार. अडतीसपुढं त्यानं एक लावला होता. मालकांनी कागदाच्या कडेलाच वजाबाकी केली आणि आम्हाला दाखवली. आम्हीही एक लावला असता तर सव्वादोन लाखांनी आम्ही पुढं होतो.

"महिना संपू दे," ते पुतणीला म्हणाले. "मग बोलू."

तिनं घरी वहिनीला सांगितलं नाही. पण औषधांची चिठ्ठी दोनदा वाचली आणि त्यातली एक गोळी अर्धी करून चालेल का, असं दुकानदाराला विचारलं. मी ऐकलं.

महिना संपायच्या आत शेजारच्या गल्लीतल्यानं काम सुरू केलं. तिथल्या एका गवंड्यानं मला सांगितलं ते असं. मधल्या भागाला कोणी हात लावायला तयार नव्हतं. शेवटी दोघांनी कंबरेला दोर बांधून कडेनं फरशी फोडली, म्हणून वाचले. मधली सगळी फरशी एकाच तुकड्यात खाली गेली. पडल्याचा आवाज लगेच आला नाही. आत बघितलं तर दगडी बांधकाम, गोल, सफाईदार. वर फळ्या नव्हत्या, माती नव्हती. पाणीही नव्हतं. ठेकेदार सरकारी कचेरीत जाऊन भांडला. त्यांनी त्याला करार दाखवला. परिमाण दोनशे बारा लिहिलेलं आहे, दर तुम्ही दिलेला आहे, भरा. त्यानं भरली. गाड्या मोजून घेत होता बिचारा, शेवटच्या गाडीतली पाटीभर वाळू उरली नाही आणि कमीही पडली नाही. त्याचं काँक्रीट कालवायचं यंत्र आता विकायला काढलंय.

ज्या दिवशी ही बातमी आली त्या दिवशी मालक पुतणीच्या टेबलापाशी आले. नव्या निविदेचा गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. "शाळेचं काम आहे. शुक्रवारपर्यंत." एवढंच. माफी नाही, शाबासकी नाही. जाताना मागं न बघता म्हणाले, "शतांश बघून घे."

ती बसून राहिली, दोन्ही हात गठ्ठ्यावर ठेवून. मग तिनं चहा मागवला, दोन. खूप दिवसांनी.

"काका," चहा पिताना ती म्हणाली, "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. आणि ते खरं निघालं."

"हो ना."

"तुम्हाला खरंच काही आठवत नव्हतं?"

मी तिला सांगणार होतो की नव्हतं. त्या दिवशी नव्हतं. पण ते लिहून दिल्यापासून काहीतरी झालं होतं. आधी वास आला, ओल्या दगडाचा, अंघोळ करताना. मग दगड दिसायला लागले. पूर्वेच्या बाजूला दोराच्या घर्षणानं पडलेली खाच. आत उतरणाऱ्या पायऱ्या, भिंतीतून बाहेर काढलेले सुटे दगड, पाऊल आडवं ठेवावं लागेल इतके अरुंद. धुमसलेली कठीण जमीन आठवायला मी बसतो तेव्हा हात हलके वाटतात, काही उचललंच नव्हतं असे. पायऱ्या मात्र पायांना आठवतात.

"पायऱ्या होत्या," मी म्हणालो. "चाळीस."

ती हसेल असं वाटलं. पण तिनं सवयीनं पेन घेतलं आणि कपाखालच्या कागदावर बाराला चाळीसनं भागलं.

"तीस सेंटिमीटरची एक," ती म्हणाली, आणि माझ्याकडं न बघता कागद उलटा ठेवला. "जुळतंय."